लाइव्ह किती वाजता सुरू करायचं आणि कधी आवरायचं: हजेरीचा आलेख दोनदा वाचा

माझा चुलतभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, पिंपळगाव बसवंतच्या पुढे द्राक्षबाग करतो. छाटणीच्या हंगामात दर गुरुवारी तो यूट्यूबवर लाइव्ह येतो. बागेतल्या शेडमध्ये एक टेबल, वर एलईडी ट्यूब, मागे फवारणीचा ब्लोअर. बोलतो तो, मोबाइल, माइक आणि लॅपटॉप माझ्याकडे. मी नाशिकहून संध्याकाळी गाडी काढतो आणि जेवायला घरी परत येतो. म्हणजे यायचो. पहिल्या हंगामात हे लाइव्ह इतकं लांबायचं की वहिनी झाकून ठेवलेलं ताट दहाला पुढे करायच्या. वेळ ठरवायची ती नेमकी कशावरून, हा प्रश्न मला पडला तो त्या ताटामुळे.

उत्तर लाइव्हच्या आलेखात होतं, पण मी तो बराच काळ चुकीचा वाचत होतो. तुम्ही नुकतंच लाइव्ह सुरू केलं असेल, तर माझी चूक टाळता येईल तुम्हाला.

आधी आकडा कोणता ते ओळखा

लाइव्ह चालू असताना लाल खुणेशेजारी जो आकडा वरखाली होतो, तो त्या क्षणी बघणाऱ्यांचा. पडद्यावर त्याला Concurrent viewers म्हणतात. मी या लेखात हजेरी म्हणणार आहे. व्ह्यूज वेगळे. व्ह्यूज वाढतच जातात, कारण आलेला माणूस निघून गेला तरी त्याची नोंद पुसली जात नाही. हजेरी मात्र शाळेतल्या पटासारखी नाही, वर्गात आत्ता किती जण बसलेत तेवढंच ती सांगते.

लाइव्ह संपलं की हजेरीचा आलेख त्या व्हिडिओच्या अ‍ॅनालिटिक्समध्ये दिसतो, शिवाय सर्वांत जास्त हजेरी, म्हणजे Peak concurrent viewers, आणि सरासरी हजेरी असे दोन आकडे मिळतात. नवखा माणूस पीककडे बघून खूश होतो. वेळ ठरवायला पीकचा उपयोग फार थोडा, कारण कुणी मोठ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिंक टाकली तरी तो पाच मिनिटांपुरता उसळतो. आपल्याला लागतो तो आलेखाचा आकार.

मी वही ठेवतो. दर दहा मिनिटांनी घड्याळातली वेळ आणि हजेरी, एवढ्याच दोन गोष्टी. आलेख नंतर बघता येतो हे खरं, पण हाताने लिहिताना समोर काय चाललं होतं तेही शेजारी खरडता येतं: ‘डाउनी रोगाचा प्रश्न’, ‘लाइट गेली’, ‘ग्रुपवर लिंक टाकली’. महिन्याने आलेखातला खड्डा बघून काही आठवत नाही, वहीतल्या दोन शब्दांवरून आठवतं. लाइव्ह संपताच जे आकडे समोर येतात तेही त्याच रात्री उतरवून घ्या. नंतर रेकॉर्डिंग बघणाऱ्यांची भर पडत जाते, आणि माणूस सरासरी किती वेळ थांबला या आकड्यात लाइव्ह आणि रेकॉर्डिंगची खिचडी होते.

माझी चूक

पहिलं नीट मोजलेलं लाइव्ह संध्याकाळी ७ ते ९ असं दोन तासांचं होतं. हजेरी हळूहळू चढली, आठ वाजून गेल्यावर साठीच्या वर स्थिरावली आणि साडेआठनंतर उतरायला लागली. दीड तास झाला होता. मी दादाला म्हटलं, “लोक दीड तासाला कंटाळतात, सव्वा तासात आवर.”

दादा म्हणाला, “कंटाळले कशाला? जेवायला बसले असतील.”

दोघंही अंदाज करत होतो. एकाच आलेखावरून कोण बरोबर ते कळूच शकत नाही, आणि गोम इथेच आहे. हजेरी ८:३० ला उतरली आणि नव्वदाव्या मिनिटाला उतरली, ही दोन्ही विधानं त्या दिवशी एकाच बिंदूबद्दल होती. उतरण्याचं कारण घड्याळ असेल तर सुरुवातीची वेळ बदलायला हवी. कारण लांबी असेल तर लांबी. उपाय अगदी वेगळे.

दोघांना वेगळं करायचा एकच मार्ग आहे: सुरुवात सरकवायची, बाकी सगळं शक्य तितकं तेच ठेवायचं. वार तोच, बोलणारा तोच, विषय त्याच जातीचा. पुढच्या गुरुवारी आम्ही ७:४० ला सुरू केलं. वहीतले आकडे असे:

| घड्याळ | पहिलं लाइव्ह (७:०० पासून) | दुसरं लाइव्ह (७:४० पासून) |
|---|---|---|
| ७:०० | ८ | |
| ७:१० | २२ | |
| ७:२० | २९ | |
| ७:३० | ३४ | |
| ७:४० | ४१ | १४ |
| ७:५० | ५२ | ४४ |
| ८:०० | ६३ | ६६ |
| ८:१० | ६८ | ७१ |
| ८:२० | ६६ | ७० |
| ८:३० | ६७ | ६९ |
| ८:४० | ५८ | ५९ |
| ८:५० | ४१ | ४० |
| ९:०० | २७ | २९ |
| ९:१० | | २५ |

हा तक्ता घड्याळाने लावलाय. आता मनातल्या मनात उजवा रकाना चार ओळी वर सरकवा, म्हणजे दोन्ही लाइव्हचं पहिलं मिनिट एका ओळीत येईल. काहीच जुळत नाही. एकात उतार नव्वदाव्या मिनिटानंतर, दुसऱ्यात पन्नासाव्यानंतर. पण घड्याळाने लावलं की ८:०० च्या पुढचे दोन्ही रकाने जवळजवळ जुळे भाऊ. दादा बरोबर होता. लोक कंटाळत नव्हते, उठत होते.

उलटं झालं असतं, म्हणजे दुसऱ्या लाइव्हलाही उतार नव्वदाव्या मिनिटालाच, सव्वानऊच्या आसपास लागला असता, तर माझं म्हणणं खरं ठरलं असतं आणि सुरुवात कितीही सरकवून फायदा नव्हता. आणि उतार दोन्हींच्या अधेमधे कुठेतरी पडला, तर दोन्ही कारणं थोडी थोडी आहेत असं समजून आणखी एक-दोन फेऱ्या कराव्या लागतात.

चढण काय सांगते

उतारापेक्षा चढण वाचायला सोपी, पण तिच्याकडे कुणी बघत नाही. सूचना मोबाइलवर वाजणं, माणसाने ती बघणं, हातातलं काम ठेवणं, यात वेळ जातो. त्यामुळे ठरलेल्या वेळी बसून राहणारे मोजकेच असतात. चांगल्या वेळी सुरू केलेल्या लाइव्हची हजेरी पंधरा-वीस मिनिटांत सपाट होते. आमचं दुसरं लाइव्ह बघा: वीस मिनिटांत ६६, मग सपाट.

पहिल्यात चढण सत्तर मिनिटं चालली. इतका वेळ हजेरी चढतच राहिली, तर त्याचा अर्थ कार्यक्रम रंगत गेला असा लावायचा मोह होतो. मलाही झाला होता. खरं तर तुम्ही लवकर सुरू केलंय, लोक अजून मोकळे झालेले नाहीत. सातला आमच्या शेतकऱ्यांची धार काढून व्हायची असते, दूध डेअरीवर घालायचं असतं. मधल्या चाळीस मिनिटांत दादा घसा कोरडा करून छाटणीनंतर काड्यांना करायच्या पेस्टिंगबद्दल बोलला आणि ज्यांच्यासाठी बोलला ते गोठ्यात होते.

तिसरा प्रकारही दिसतो. पहिल्या पाच मिनिटांतच हजेरी सर्वांत जास्त आणि मग घसरणच. इथे दोन शक्यता. लोक आधीपासून वाट बघत होते, म्हणजे सुरुवात थोडी उशिरा होतेय. किंवा सुरुवातीला ‘आवाज येतोय का, हॅलो, हॅलो’ यात सहा मिनिटं गेली आणि आलेले परत गेले. लाइव्ह आधीच ठरवून ठेवलं असेल तर सुरू होण्यापूर्वी किती जण वाट बघताहेत तो आकडा दिसतो. तो मोठा असेल तर पहिली शक्यता. लहान असेल तर रेकॉर्डिंगची पहिली दहा मिनिटं स्वतः बसून बघा, जरा लाज वाटेल, पण कारण सापडेल.

सरकवून बघायच्या वेळा कुठून आणायच्या

चॅनेलच्या अ‍ॅनालिटिक्समध्ये Audience खाली When your viewers are on YouTube नावाचा जांभळ्या पट्ट्यांचा तक्ता असतो. गेल्या २८ दिवसांत तुमचे प्रेक्षक कोणत्या वारी, कोणत्या तासाला यूट्यूबवर होते, ते गडद-फिकट रंगात दिसतं. प्रेक्षक अगदीच कमी असले तर तो रिकामाच राहतो. भरला असेल तर चाचणीसाठी दोन वेळा निवडायला वापरा, निर्णयासाठी नको. यूट्यूबवर असणं आणि तासभर बसून ऐकायला मोकळं असणं यात फरक आहे. आमच्याकडे रात्री साडेनऊची पट्टी सर्वांत गडद होती. म्हणून तिसरं लाइव्ह ९ ला ठेवलं. हजेरी चढली, पण साठीच्या आतच अडकली आणि दहानंतर ओसरली. रात्री साडेनऊला माणसं अंथरुणावर पडून छोटे व्हिडिओ बघतात, फवारणीचं वेळापत्रक वहीत उतरवून घ्यायला उठत नाहीत. दहाचा उतार झोपेमुळे की तासभर झाल्यामुळे, ते आम्ही तपासलं नाही. माथाच कमी होता, तिथे आणखी गुरुवार घालवण्यात अर्थ नव्हता.

कधी आवरायचं

आता लांबी. लाइव्ह जितकं लांबेल तितकी बघितलेली एकूण मिनिटं वाढतातच, कारण शेवटी पाच जण असले तरी पाचाची भर पडते. त्या आकड्यामागे लागलात तर पहाटेपर्यंत बसाल. सरासरी हजेरी मात्र एका बिंदूनंतर घसरायला लागते, आणि तो बिंदू काढणं सोपं आहे: आत्ताची हजेरी आतापर्यंतच्या सरासरीच्या खाली गेली की तिथून पुढचं प्रत्येक मिनिट सरासरी खाली ओढतं.

एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये हजेरी B रकान्यात दुसऱ्या ओळीपासून लिहिली असेल, तर C2 मध्ये हे घाला आणि खाली ओढत न्या:

```
=AVERAGE(B$2:B2)
```

C रकान्यात आतापर्यंतची सरासरी येत जाते. B जिथे C पेक्षा खाली उतरतो आणि खालीच राहतो, ती ओळ शोधायची. आमच्या दुसऱ्या लाइव्हमध्ये ८:४० ला सरासरी ५६ आणि हजेरी ५९ होती. ८:५० ला हजेरी ४०. म्हणजे आवरायची वेळ पावणेनऊच्या आसपास. पहिल्या लाइव्हचा हिशोबही तिथेच येतो.

या युक्तीत एक खोट आहे. सुरुवात पोकळ असेल तर सरासरी मुळातच कमी राहते, मग हजेरी तिच्याखाली जायला वेळ लागतो आणि हिशोब तुम्हाला गरजेपेक्षा जास्त बसवून ठेवतो. म्हणून सुरुवातीची वेळ आधी दुरुस्त करा, लांबी नंतर. दुसरी बाजू म्हणजे किमान लांबी. चढणीला वीस मिनिटं लागत असतील आणि तुम्ही अर्ध्या तासात आवरलंत, तर लोक टेकेपर्यंत तुम्ही ‘नमस्कार, भेटू पुढच्या गुरुवारी’ म्हणणार.

सपाट रेघेच्या पोटात

आलेखात सपाट रेघ दिसली की तेच सत्तर जण बसलेत असं वाटतं. तसं असेलच असं नाही. मिनिटाला चार आले आणि चार गेले तरी रेघ सपाटच दिसते. यासाठी एक भागाकार करावा लागतो. सरासरी हजेरी गुणिले लाइव्हची मिनिटं, म्हणजे एकूण बघितलेली मिनिटं. त्याला लाइव्ह चालू असतानाच्या व्ह्यूजनी भागलं की एका वेळी माणूस साधारण किती थांबला ते कळतं. पहिल्या लाइव्हची सरासरी ४४, मिनिटं १२०, व्ह्यूज ३१०: माणशी १७ मिनिटं. दुसऱ्याची सरासरी ४९, मिनिटं ९०, व्ह्यूज २०५: माणशी साडेएकवीस. एकच माणूस दोनदा आला तर व्ह्यू दोन धरले जाऊ शकतात, त्यामुळे हा अंदाजच. पण दोन लाइव्हची तुलना करायला पुरतो.

यावरून तुमचं लाइव्ह आठवडे बाजार आहे की कीर्तन, ते कळतं. बाजारात माणूस येतो, हवं ते घेतो, जातो. तिथे लांबी वाढवल्याने कुणी कंटाळत नाही, नवे येत राहतात तोवर चालू ठेवायला हरकत नाही. कीर्तनाला लोक सुरुवातीपासून बसतात आणि लांबलं तर चुळबुळ सुरू होते. दादाचं लाइव्ह बाजाराकडे झुकणारं निघालं. त्यामुळे आम्ही एक बदल केला: दर वीस मिनिटांनी तो मुख्य सल्ला पुन्हा सांगतो, या आठवड्यात डाउनीसाठी काय आणि भुरीसाठी काय. आधी त्याला ते विचित्र वाटायचं. “तेच तेच काय सांगू?” मी म्हटलं, “तुला तेच आहे. समोरची माणसं बदललीत.”

फसवे खड्डे

प्रत्येक उतार प्रेक्षकांचा नसतो. हजेरी एका मिनिटात सत्तरवरून वीसवर कोसळली आणि चार-पाच मिनिटांत परत पन्नाशीला आली, तर तो इंटरनेटचा खड्डा. माणसं कंटाळून जातात तेव्हा हजेरी उतरणीसारखी जाते, कड्यावरून पडल्यासारखी नाही. शंका आली तर चॅट बघा: ‘आवाज नाही’, ‘अडकतंय’ असे तीन-चार मेसेज एकदम सापडतात. असा आलेख वेळ ठरवायच्या हिशोबातून बाद करायचा. आणि खड्ड्याचं कारण रेकॉर्डिंगमध्ये शोधताना एक-दोन मिनिटं मागे जाऊन बघा, कारण प्रेक्षकाला चित्र काही सेकंद उशिरा दिसतं आणि तुमच्या पडद्यावरचा आकडाही मागून येतो.

लहान आकड्यांचाही फसवेपणा असतो. तीस-चाळीस हजेरीत पाच-सहा जण नुसत्या योगायोगाने इकडचे तिकडे होतात. या गुरुवारी ३४ आणि मागच्या गुरुवारी ३९, यावरून वेळ बदलायची नाही. आमच्या तक्त्यातही मी ६३ आणि ६६ मधल्या फरकाकडे बघितलंच नाही. ६७ वरून ४१ कडे बघितलं, आणि तेही दोन्ही आठवड्यांत त्याच वेळी झालं म्हणून.

तिसरा फसवेपणा आपल्या भागाचा. आमचा एक गुरुवार नवरात्रात आला. निम्मा तालुका सप्तशृंगी गडाच्या वाटेवर. हजेरी पार घसरली, आम्ही तो आलेख वहीत काट मारून ठेवला. भारताचा सामना असलेला दिवसही तसाच. याहून चिवट कारण म्हणजे शेतीपंपाची थ्री-फेज वीज. काही आठवडे ती दिवसा असते, काही आठवडे रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात पावणेनऊला उठणारे जेवायला नाही, मोटार चालू करायला उठतात, आणि जेवून परत येणारे चार-दोन जण त्या आठवड्यात परत येत नाहीत. दोन लाइव्ह शेजारी ठेवायची असतील तर दोन्ही एकाच पाळीच्या आठवड्यातली घ्या. तुमचे प्रेक्षक शेतकरी नसतील तर तुमचं असं काही वेगळं असेल: अंबड-सातपूरच्या कंपन्यांतली शिफ्ट, मुलांची परीक्षा, क्लास सुटायची वेळ. चॅटमध्ये सरळ विचारा, “आत्ता उठून कुठे निघालात?” लोक उत्तर देतात.

आता आमचं काय ठरलं

गुरुवारी ७:४५ ला सुरुवात, ८:४५ ला नमस्कार. पहिली पंधरा मिनिटं दादा आठवडाभराचं हवामान आणि आलेले फोटो यावर बोलतो, म्हणजे उशिरा येणाऱ्याचं फारसं चुकत नाही. फवारणीचा सल्ला ८:०५ ला आणि पुन्हा ८:२५ ला. ८:३५ नंतर नवा विषय काढायचा नाही, राहिलेले प्रश्न घ्यायचे. ज्यांना सगळं सविस्तर हवं असतं ते रेकॉर्डिंग बघतात.

ही वेळ छाटणीच्या हंगामापुरती आहे. काढणी सुरू झाली की बागेत दिवसभर मजूर आणि संध्याकाळी व्यापारी, तेव्हा पावणेआठला आमचं कोण ऐकणार? जानेवारीत वहीचं नवं पान उघडून पुन्हा दोन गुरुवार, चाळीस मिनिटांच्या फरकाने, मोजायला बसायचं. वहिनींनी मात्र जेवणाची वेळ आत्ताच नऊ ठरवून टाकलीय.